‘खुलभर दुधाची कहाणी’ इंग्रजी वाचनपुस्तकासाठी सांगताना

प्रश्न: आम्ही पाचवीच्या मुलांसाठी इंग्रजी पूरक वाचनाचे पुस्तक तयार करीत आहोत आणि त्यात ‘खुलभर दुधाची कहाणी’ घ्यायची आहे. पहिल्या खर्ड्यात घटना सगळ्या बरोबर उतरल्या, पण कोणीतरी कहाणी सांगत आहे असे वाटत नाही, आणि तात्पर्य शेवटी चिकटवल्यासारखे दिसते. लय आणि बोध दोन्ही राखून ती इंग्रजीत कशी सांगावी?

उत्तर: या कहाणीची लय आणि तिचा बोध एकाच ठिकाणी, म्हणजे तिच्या रचनेत, बसलेले आहेत. त्यामुळे खर्ड्यात एक हरवले की दुसरेही हरवते, आणि मग तात्पर्य वेगळे लिहिण्याची पाळी येते. म्हणून भाषेला हात लावण्यापूर्वी कहाणीचा सांगाडा कागदावर मांडून घ्यावा.

प्रचलित पाठात चार सोमवार आहेत. पहिल्या सोमवारी राजाच्या दवंडीप्रमाणे गावातले सगळे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले जाते, तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचे सगळे आटोपून खुलभर दूध घेऊन येते, ते वाहते आणि परत फिरते, तोच गाभारा भरून येतो. दुसऱ्या सोमवारी राजा शिपाई बसवतो, पण शोध लागत नाही. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः पहाऱ्याला बसतो, म्हातारीचा हात धरतो, तिला अभय देतो आणि ती कारण सांगते. चौथ्या सोमवारी नवी दवंडी पिटली जाते, मुलावासरांना पाजून उरलेले दूध देवाला वाहिले जाते आणि गाभारा भरतो.

इंग्रजी खर्ड्यात सर्वांत आधी कात्री लागते ती या सोमवारांना. शब्दसंख्येची मर्यादा असते, पुनरुक्ती टाळावी असे आपल्याला निबंधलेखनात शिकवलेले असते, आणि मग ‘असे तीन आठवडे घडले’ या अर्थाचे एक वाक्य लिहून लेखक मोकळा होतो. तिथेच कहाणी संपते आणि वृत्तान्त सुरू होतो. ऐकणाऱ्या मुलाला सोमवार मोजायचे असतात. शिवाय या कहाणीत मुलाला राजापेक्षा जास्त माहिती असते: गाभारा कोणामुळे भरला हे त्याने पहिल्याच सोमवारी पाहिलेले असते आणि राजाला ते तिसऱ्या सोमवारपर्यंत कळत नाही. हा विलंब हीच कथेतली गंमत आहे आणि तो सोमवारांच्या पुनरावृत्तीवर उभा आहे.

पुनरावृत्ती राखायची म्हणजे तेच सगळे चार वेळा लिहायचे असे नव्हे. पाचवीसाठी साधारण पाचशे इंग्रजी शब्दांची गोष्ट धरली, तर पहिल्या सोमवाराला त्यातले जवळजवळ निम्मे शब्द द्यावेत, दुसरा सोमवार चार-पाच वाक्यांत उरकावा, तिसरा राजा आणि म्हातारी यांच्या संवादासाठी पुन्हा सैल करावा आणि चौथा आटोपशीर ठेवावा. मात्र दोन वाक्ये शब्दशः कायम ठेवावीत. सकाळच्या प्रसंगाच्या शेवटी ‘बट द श्राइन वॉज नॉट फुल’ आणि म्हातारी परत फिरल्यावर ‘अँड द श्राइन वॉज फुल’. ही दोन्ही वाक्ये पहिले तीन सोमवार त्याच क्रमाने येतात. चौथ्या सोमवारी पहिले वाक्य येतच नाही. मूल सवयीने ‘बट’ची वाट पाहत असते आणि त्याच्या हाती ‘अँड’ पडतो. राजा सुधारला, हे सांगायला निराळे वाक्य लागत नाही. या एका शब्दाच्या बदलाने ते कळते.

या वाक्यांत ‘फुल’ हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘गाभारा काही भरला नाही’ या वाक्याचा भार आपोआप शेवटावर पडतो. इंग्रजीत तसे होत नाही, तिथे तो भार लेखकाला जागा पाहून ठेवावा लागतो. ‘द श्राइन वॉज स्टिल नॉट फुल बाय नून’ असे लिहिले तर अर्थात फरक पडत नाही, पण आवाज ‘नून’वर उतरतो आणि वेळेची माहिती मिळाल्यासारखे वाटते. खर्डा मोठ्याने वाचताना प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याचा शेवटचा शब्द कोणता आहे, तेवढे पाहत गेले तरी निम्मी लय सुधारते.

आता बोधाकडे वळू. येथे शब्दांपेक्षा समजुतीची चूक अधिक होते. या कहाणीच्या इंग्रजी पुनर्कथनांत शेवटी बहुधा ‘भक्तिभावाने दिलेले थोडेसे दानही मोठे असते’ अशा आशयाचे तात्पर्य दिसते. म्हातारी गरीब होती, तिने जवळचे होते नव्हते ते देवाला दिले आणि देव प्रसन्न झाला, अशी मांडणी केली जाते. बायबलमध्ये आपल्याजवळची शेवटची दोन नाणी दान करणाऱ्या विधवेची गोष्ट आहे आणि इंग्रजीत लिहायला बसले की लेखणी नकळत त्या साच्याकडे ओढली जाते. आपली कहाणी मात्र जवळजवळ उलटी आहे. म्हातारीने सगळे दिले नाही; तिने उरलेले दिले. मुलाबाळांना खाऊ घातले, लेकीसुनांना न्हाऊ घातले, गाईवासरांचा आत्मा थंड केला, स्वतःच्या जिवाचे समाधान केले आणि मग राहिलेले खुलभर दूध घेऊन ती देवळात गेली. सगळे दूध देणारे लोक सकाळीच येऊन गेले होते आणि त्यांच्या दुधाने गाभारा भरला नव्हता. ती देवापुढे भक्तिभावाचा उल्लेख करते हे खरे, पण राजाने विचारल्यावर जे कारण सांगते ते वेगळे आहे: तुझ्या आज्ञेने वासरे आणि मुले तळमळली, मोठ्या माणसांची हायहाय माथी आली, ते देवाला आवडले नाही.

म्हणजे बोध दानाच्या आकाराविषयी नाही. आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या तोंडचे काढून घेतलेले देवाला पोचत नाही, आणि तसे काढून घ्यायला लावणारी आज्ञा राजाची असली तरी ती चूकच असते, असा तो आहे. खर्ड्यात कोणता बोध उतरला आहे हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. म्हातारीच्या घरकामाचा परिच्छेद झाकून गोष्ट वाचावी. तो नसतानाही तुमचे तात्पर्य टिकत असेल, तर ते या कहाणीचे तात्पर्य नाही. ‘थोडे पण मनापासून’ हे तात्पर्य त्या परिच्छेदावाचून अगदी व्यवस्थित उभे राहते. त्यावरूनच ते बाहेरून आलेले आहे हे कळते.

याच कारणाने तो घरकामाचा परिच्छेद सर्वांत जपून लिहावा लागतो, आणि संपादनात तोच ‘फापटपसारा’ म्हणून सर्वांत आधी कापला जातो. तो राजाच्या आज्ञेनंतर आलेल्या परिच्छेदाचे प्रतिबिंब असावा. गावकऱ्यांविषयी लिहावे: ‘नो काफ वॉज फेड. नो चाइल्ड वॉज फेड. एव्हरी ड्रॉप वेंट टु द टेंपल.’ आणि म्हातारीविषयी लिहावे: ‘शी फेड द चिल्ड्रन. शी फेड द काफ. शी ड्रँक अ लिटल हरसेल्फ. व्हॉट वॉज लेफ्ट, शी टुक टु द टेंपल.’ पहिल्या जोडीत कर्ता नाही, कारण धाकाने वागणाऱ्या गावात कोणी स्वतःहून काही करीत नाही. दुसऱ्या जोडीत शेवटचे वाक्य सोडले तर प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘शी’ने होते. पाचवीच्या मुलांना कर्मणी प्रयोग अवघड जातो, अशी हरकत संपादक घेतील. एरवी ती हरकत रास्त आहे आणि गोष्टीत इतरत्र कर्मणी प्रयोग नसावा. पण ही दोन वाक्ये चार-चार शब्दांची आहेत, पाठोपाठ येतात आणि एकाच सुरात आहेत, त्यामुळे मुले त्यांना अडत नाहीत. व्याकरण पुढे कधीतरी शिकतील, फरक मात्र आत्ताच ऐकू येतो.

‘शी’च्या ओळीने एक दुसरा प्रश्न उभा केला आहे, तोही येथेच सोडवावा. मराठी कहाणीत कर्ता गाळता येतो. ‘देवळात गेली. दूध वाहिलं. हात जोडले. परत फिरली.’ यात म्हातारीचे नाव किंवा सर्वनाम एकदाही नाही आणि म्हणूनच ती वाक्ये झपझप चालतात. इंग्रजीत कर्ता सोडता येत नाही, आणि चारही वाक्यांना ‘शी’ लावला तर कवायत केल्यासारखे वाटते. घरकामाच्या प्रसंगात ती कवायत हवीशी आहे, कारण एकेक काम मोजून दाखवायचे आहे. देवळात मात्र एक कर्ता घेऊन क्रियापदे ‘अँड’ने जोडावीत: ‘शी पोअर्ड द मिल्क अँड फोल्डेड हर हँड्स अँड टर्न्ड टु गो.’ शालेय लेखनात ‘अँड’ पुन्हा आला की लाल रेघ ओढली जाते, पण सांगितलेल्या गोष्टीचा तो नैसर्गिक सांधा आहे. उलट ‘हॅव्हिंग पोअर्ड’, ‘आफ्टर फोल्डिंग’ अशी रचना केली, की आपली ‘करून’, ‘जोडून’ ही धातुसाधिते इंग्रजीत उचलून नेल्यासारखी जड होतात. ‘बिकॉज’ आणि ‘ऑल्दो’ यांनी जोडलेली लांब वाक्येही टाळावीत. कहाणी कारण सांगत नाही, ती घडलेले एकापुढे एक ठेवते. कारण सांगण्याचा अधिकार तिने फक्त म्हातारीला दिला आहे.

तो अधिकार तिच्याकडेच राहू द्यावा. तिसऱ्या सोमवारचा संवाद ही गोष्टीतली एकमेव जागा आहे जिथे बोध उघड बोलला जातो, आणि तो घाबरलेल्या बाईच्या तोंडून येतो म्हणूनच त्याला वजन आहे. आधी राजाचे अभय हवे: ‘डू नॉट बी अफ्रेड. नो वन विल हार्म यू.’ ते गाळले तर म्हातारी राजाला सुनावते आहे असे वाटेल. मग तिचे बोलणे: ‘यू टोल्ड अस टु ब्रिंग ऑल अवर मिल्क. द काव्ज क्राइड. द चिल्ड्रन क्राइड. द ओल्ड पीपल साइड. गॉड डझ नॉट लाइक दिस.’ मराठी कहाणीत ती राजाला ‘तू’ म्हणते. देवळाच्या दारात वडीलधारी बाई तसे म्हणू शकते. त्यामुळे इंग्रजीत ‘युअर मॅजेस्टी’ घालू नये, त्याने ती एकदम परदेशी दरबारात जाऊन उभी राहते. साधे ‘यू’ पुरेसे आहे.

राजा यावर ‘मग याला युक्ती काय?’ असे विचारतो आणि ती उपाय सांगते. हा भाग दोन वाक्यांत ठेवून चौथ्या सोमवारची दवंडी पहिल्या दवंडीच्याच घाटात लिहावी: पहिलीत ‘ब्रिंग ऑल युअर मिल्क’, दुसरीत ‘ब्रिंग व्हॉट इज लेफ्ट’. म्हातारीच्या घरातले ‘व्हॉट वॉज लेफ्ट’ आता राजाच्या आज्ञेत आले आहे, हे चौकस मुलाच्या लक्षात येतेच, आणि जे लक्षात आणून द्यायचे त्याबद्दल शिक्षकाला वर्गात विचारताही येते.

मराठी शब्द किती ठेवावेत, याबद्दल माझे धोरण कंजूषपणाचे आहे. जो शब्द चित्रात दाखवता येतो किंवा वाक्यातच उलगडतो तो ठेवावा, बाकीचे सरळ इंग्रजीत सांगावेत. तळटीप मात्र देऊ नये, कारण मोठ्याने वाचणारा तिच्यापाशी अडखळतो. महादेव आणि बेलाची पाने ठेवावीत. गाभाऱ्यासाठी पहिल्या वेळी ‘द लिटल इनर रूम ऑफ द टेंपल’ आणि नंतर सगळीकडे ‘द श्राइन’ म्हणावे. नुसते ‘टेंपल’ म्हटले तर अख्खे देऊळ दुधाने भरायचे आहे असा अर्थ होऊन राजा मूर्ख वाटू लागतो, आणि ‘सँक्टम’ हा शब्द पाचवीला झेपत नाही. दवंडीला इंग्रजी नाम शोधत बसू नये, ‘अ मॅन वेंट थ्रू द स्ट्रीट्स, बीटिंग अ ड्रम’ अशी ती कृतीतून दाखवावी. खुलभर म्हणजे ‘अ स्मॉल कपफुल’. त्याला आणखी विशेषणे लावू नयेत, कारण त्या दुधाचे थोडेपण जितके ठळक कराल तितका वर सांगितलेला चुकीचा बोध बळावतो.

महादेवाचे नाव काढून ‘अ गॉड’ करावे अशी सूचना कधीकधी सर्व धर्मांच्या मुलांचा विचार करून येते. हेतू चांगला असला तरी परिणाम विचित्र होतो, कारण निनावी देवाला दूध का वाहायचे हेच कळेनासे होते. देवाचे नाव राहू द्यावे. व्रत कसे करावे, त्याचे फळ काय, अशा सूचना मात्र कोणी कहाणीला जोडून ठेवल्या असतील तर त्या गाळाव्यात. त्या श्रावणी सोमवारच्या पूजेसाठी आहेत, वाचनाच्या तासासाठी नाहीत.

सुरुवात आणि शेवट ठरीव आहेत आणि ते ठरीवच राहावेत. ‘आटपाट नगर होतं’ याचे ‘वन्स अपॉन अ टाइम’ केले की ही गोष्ट इतर हजार गोष्टींसारखी सुरू होते. ‘देअर वॉज अ टाउन कॉल्ड आटपाट’ असे सरळ लिहावे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे हे पुस्तक हाती घेणाऱ्या अनेक मुलांनी ही कहाणी घरी श्रावणात आजीच्या तोंडून ऐकलेली असू शकते, आणि ‘आटपाट’ दिसले की त्यांना ओळख पटते. पुढची अनोळखी वाक्ये मग ती ओळखीच्या बळावर वाचतात. शेवटच्या ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ या ओळीत साठ आणि पाच ही जोडी आणि शेवटचा ‘संपूर्ण’चा ठोका या दोनच गोष्टी राखाव्यात: ‘अ टेल ऑफ सिक्स्टी आन्सर्स, टोल्ड इन फाइव्ह, अँड नाउ इट इज होल.’ अर्थाचा कीस काढू नये. मराठीतही मुले ती ओळ अर्थासाठी ऐकत नाहीत.

पुस्तकाच्या आराखड्यात प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्याची चौकट असेल, तर ती या गोष्टीपुरती काढून टाकायला सांगावे. प्रकाशक ऐकत नसेल तर त्या चौकटीत म्हातारीचेच एक वाक्य उद्धृत करावे, स्वतःचे नवे वाक्य रचू नये. चित्रकाराशीही एवढे बोलून घ्यावे की भरलेल्या गाभाऱ्याचे चित्र ‘नॉट फुल’ या वाक्याच्या समोरच्या पानावर येता कामा नये. ते पान उलटल्यावर यावे, नाहीतर मुले चित्र आधी पाहतात आणि सगळी उत्सुकता तिथेच सांडते.

खर्डा पुरा झाल्यावर तो एखाद्या वर्गात कोणीतरी दुसऱ्याने वाचावा आणि आपण मागे बसून ऐकावे, कारण लेखक स्वतः वाचताना वाक्यातली खोट आवाजाने भरून काढतो. दोन गोष्टी पाहाव्यात. तिसऱ्या सोमवारी वाचणाऱ्याने ‘बट द श्राइन’ म्हणून थांबावे. मुलांनी ‘वॉज नॉट फुल’ एका सुरात पुरे केले तर पालुपद बसले आहे. गप्प राहिली, तर मधल्या प्रसंगांत कुठेतरी त्या वाक्याचे शब्द बदलले गेले आहेत किंवा दुसरा सोमवार फार लांबला आहे. गोष्ट संपल्यावर ‘बोध काय’ असे विचारू नये, त्यावर मुले पाठ असलेले उत्तर देतात. ‘राजाचे काय चुकले?’ असे विचारावे, आणि मराठीत उत्तर द्यायला मुभा असावी. ‘त्याने वासरांना उपाशी ठेवले’ असे उत्तर आले तर खर्डा ठीक आहे. ‘तो श्रीमंत होता’, ‘त्याला गर्व होता’ अशी उत्तरे येऊ लागली, तर घरकामाच्या आणि दवंडीनंतरच्या परिच्छेदांकडे परत जावे. गर्वाचा कहाणीत कोठेही उल्लेख नाही, तो आपल्याच एखाद्या विशेषणातून शिरलेला असतो.

श्रेयाची ओळ लिहिताना ‘पारंपरिक मराठी कहाणी, पुनर्कथन अमुक’ असे लिहावे. कहाणी कोणाच्या मालकीची नाही, पण एखाद्या छापील संग्रहातली विशिष्ट शब्दरचना असू शकते. म्हणून एकाच छापील पाठावरून वाक्यामागून वाक्य उतरवण्यापेक्षा दोन-तीन जणींकडून ती तोंडी ऐकून घ्यावी. पाठात थोडाफार फरक सापडतो, कोणी शिपायांचा सोमवार गाळते, कोणी म्हातारीला इनाम देऊन थांबते, आणि कोणता भाग सगळ्याच जणी सांगतात हे त्यातून कळते. तो भाग इंग्रजीत कोणत्याही सबबीवर कापू नये.